बोअर, स्ट्रोक आणि आरसीवरचा सीसी

स्प्लेंडरच्या आरसीवर क्युबिक कपॅसिटीच्या रकान्यात ९७ आणि थोडे पुढे असा आकडा असतो. गाडी मात्र सगळीकडे ‘शंभर सीसीची’ म्हणून ओळखली जाते. आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडलेली जुनी चेतक दीडशे सीसीची म्हणून विकली गेली, तिच्या इंजिनाचा खरा आकडा १४५.४५. मारुती ८०० सुद्धा ८०० ची नव्हती, ७९६ ची होती. हे आकडे कंपनीने वाटेल तसे ठरवलेले नसतात. इंजिनाचं हेड उघडून व्हर्निअर हातात घेतला, तर कोणालाही ते गॅरेजच्या ओट्यावर बसून काढता येतात. त्यासाठी फक्त तीन गोष्टी लागतात: सिलिंडरचा आतला व्यास, पिस्टन वरून खाली किती सरकतो ते अंतर आणि सिलिंडर किती आहेत ते. व्यासाला बोअर म्हणतात, त्या अंतराला स्ट्रोक.

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. इंजेक्शनच्या सिरिंजवर ज्या सीसीच्या खुणा असतात, तोच हा सीसी. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला की नळीत जेवढी जागा मोकळी होते तेवढं औषध आत येतं. इंजिनातही पिस्टन अगदी वरच्या टोकापासून अगदी खालच्या टोकापर्यंत गेला की जेवढी जागा मोकळी होते, तेवढाच आकडा आरसीवर चढतो. पिस्टन अगदी वर असताना त्याच्या माथ्यावर हेडमध्ये जी छोटी पोकळी उरते, ती या हिशेबात धरत नाहीत. पेट्रोल जळतं ते तिथेच, त्यामुळे ती पोकळी धरूनच सीसी मोजत असतील असं अनेकांना वाटतं. पण पिस्टन तिथे पोचतच नाही, म्हणून ती बाजूला. तिचा उपयोग दुसरीकडे होतो, ते पुढे येईल.

आता स्प्लेंडरचाच हिशेब करू. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर, सिलिंडर एक. आधी दोन्ही मापं सेंटिमीटरमध्ये घ्यायची, कारण उत्तर घन सेंटिमीटरमध्ये हवं आहे: ५ आणि ४.९५. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायला व्यासाचा वर्ग करून त्याला ०.७८५४ ने गुणायचं. हा ०.७८५४ म्हणजे पायचा चौथा भाग; बोअर हा व्यास असतो, त्रिज्या नव्हे, म्हणून चाराने भागणं आलं. पाचाचा वर्ग २५, गुणिले ०.७८५४, म्हणजे १९.६३५ चौरस सेंटिमीटर. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ एवढं. त्याला स्ट्रोकने, म्हणजे ४.९५ ने गुणलं की ९७.१९. कंपनी ९७.२ लिहिते ते हेच. सिलिंडर एकच असल्याने हिशेब इथेच संपतो. एकापेक्षा जास्त असते तर शेवटी त्या संख्येने गुणलं असतं.

हिशेब चुकला तर उत्तर पाहूनच कळतं, आणि चुका बहुतेक दोनच प्रकारच्या असतात. उत्तर ९७ हजारांच्या घरात आलं, तर मापं मिलिमीटरमध्येच राहिली आहेत. हजाराने भागलं की झालं. आणि उत्तर ३८९ च्या आसपास आलं, म्हणजे बरोबर चौपट, तर व्यासालाच त्रिज्या समजून पायने गुणलं आहे. स्प्लेंडरच्या टाकीखाली ३८९ सीसीचं इंजिन बसणार नाही हे गाडीकडे बघूनही कळेल, पण चार सिलिंडरच्या गाडीत हीच चूक सिलिंडरच्या गुणाकारात लपून जाते. म्हणून आधी एका सिलिंडरचा आकडा कागदावर वेगळा लिहावा, तो पटला तरच पुढे जावं.

सूत्रात बोअर दोनदा येतो आणि स्ट्रोक एकदाच. सीसी समजून घ्यायची असेल तर माझ्या मते हीच एक गोष्ट नीट धरून ठेवायला हवी. स्प्लेंडरचा स्ट्रोक एक मिलिमीटरने वाढवला, ४९.५ चा ५०.५ केला, तर इंजिन ९९.१६ सीसीचं होतं, साधारण दोन सीसी वाढतात. बोअर एक मिलिमीटरने वाढवला, ५० चा ५१ केला, तर १०१.१२ सीसी, म्हणजे जवळपास चार. स्ट्रोक वाढवणं हे गॅरेजचं काम नाही. स्ट्रोक ठरतो क्रँकवर. क्रँकपिन क्रँकच्या मध्यापासून जितकी बाजूला बसवलेली असते त्याच्या बरोबर दुप्पट स्ट्रोक. स्प्लेंडरमध्ये ते अंतर पावणेपंचवीस मिलिमीटरचं. ते बदलायचं तर क्रँकच वेगळा करावा लागेल. बोअर मात्र लेथवर वाढवता येतो, आणि रोज कुठे ना कुठे वाढवला जातोच.

गाडी निळसर धूर मारायला लागली, दर हजार किलोमीटरला ऑइल खाली जायला लागलं, चढावर दम निघेनासा झाला, की मेकॅनिक ब्लॉक उतरवतो आणि म्हणतो, ‘बोअर करावा लागेल.’ पिस्टनच्या रिंगा वर्षानुवर्षं सिलिंडरच्या भिंतीवर घासत असतात. ही झीज सगळीकडे सारखी नसते. सगळ्यात जास्त झीज वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथे होते, कारण स्फोटाचा दाब आणि उष्णता तिथेच जास्त आणि ऑइल तिथे कमीत कमी पोचतं. त्यातही पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर जास्त रेटला जातो, म्हणून गोल भोक हळूहळू लंबगोल होत जातं. त्याच्याही वर, जिथे रिंग कधीच पोचत नाही, तिथे जुन्या मापाची बारीक कड शिल्लक राहते. ब्लॉक हातात घेऊन तिथे नख फिरवलं तर नख अडकतं. मूळ बोअर मोजायचा असेल तर त्या कडेपाशी किंवा अगदी खाली, रिंगच्या धावेबाहेर मोजावा. मधोमध मोजला तर झिजलेलं माप मिळेल.

गंमत अशी की झिजलेल्या इंजिनाचे सीसी वाढलेले असतात. बोअर पन्नासचा ५०.१ झाला, म्हणजे एक दशांश मिलिमीटर झिजला, तर हिशेबात इंजिन ९७.५८ सीसीचं झालं. आणि एवढ्या झिजेवर ते इंजिन धूर मारत असतं, कॉम्प्रेशन गळत असतं, ॲव्हरेज कमी झालेलं असतं. नव्या इंजिनात पिस्टन आणि भिंत यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांशाचीच फट ठेवलेली असते. एक दशांश म्हणजे तिच्या कितीतरी पट. अर्ध्या सीसीपेक्षाही कमी फरक, आणि तेवढ्यात इंजिनाची वाट लागलेली.

बोअरिंगचं काम चांगल्या लेथवाल्याकडे कसं होतं ते एकदा बघण्यासारखं आहे. तो आधी ब्लॉकला हात लावत नाही. ‘पिस्टन आणा मग बोअर करतो,’ असं सांगून तो आलेल्याला स्पेअर पार्टच्या दुकानात पाठवतो. ओव्हरसाइज पिस्टन पाव मिलिमीटरच्या पायरीने मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.००. पिस्टनच्या माथ्यावर तो आकडा उमटवलेला असतो. ०.५० चा पिस्टन म्हणजे त्याच्यासाठी बोअर ५०.५ चा हवा, पण लेथवाला छापील आकड्यावर विसंबत नाही. तो मायक्रोमीटरने पिस्टनचा खालचा घेर मोजतो, तोही पिनेच्या आडव्या दिशेने, कारण पिस्टन वरून खाली किंचित रुंद होत जातो आणि पिनेच्या बाजूने जरा चपटा असतो. चुकीच्या जागी मोजलं तर सगळाच हिशेब बिघडतो.

मग त्या मापात फट मिळवून बोअर किती व्हायला हवा ते ठरतं. बोअरिंग मशिनवर भोक त्या मापापेक्षा थोडं कमीच ठेवतात आणि उरलेलं होनिंगच्या दगडांनी घासून मापावर आणतात. होनिंगने भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा उमटतात. त्या रेषांत ऑइल टिकतं आणि नव्या रिंगा भिंतीवर नीट बसतात. आरशासारखी गुळगुळीत भिंत दिसायला छान, पण तिच्यावर रिंगा बसत नाहीत आणि नवं इंजिनही ऑइल खायला लागतं. फट कमी ठेवली तर पिस्टन तापून फुगतो आणि भिंतीत आवळून बसतो; गाडी चालता चालता चाक जाम होतं. जास्त ठेवली तर सकाळी थंड इंजिनात पिस्टनची खडखड ऐकू येते.

या दुरुस्तीत सीसी किती वाढले? ०.५० च्या पिस्टनवर स्प्लेंडरचे ९९.१५, एक मिलिमीटरच्या पिस्टनवर १०१.१२. म्हणजे शेवटच्या ओव्हरसाइजपर्यंत गेलेली स्प्लेंडर शब्दशः शंभर सीसीच्या पुढे गेलेली असते. आणि इथे हेडमधली ती पोकळी कामाला येते. समजा मूळ इंजिनाचं कॉम्प्रेशन नऊास एक आहे. याचा अर्थ पिस्टन खाली असतानाची सगळी जागा ही तो वर असतानाच्या जागेच्या नऊपट. मग पोकळी म्हणजे ९७.१९ चा आठवा भाग, साधारण १२.१५ सीसी. बोअर एक मिलिमीटरने वाढला, पोकळी तेवढीच राहिली, तर कॉम्प्रेशन ९.३ च्या जवळ जातं. इतक्या फरकाने साध्या पेट्रोलवर काही बिघडत नाही. पण बोअर याच्या फार पुढे न्यायच्या लोभात काहीजण जाड पिस्टनचं किट टाकतात. तेव्हा सिलिंडरची भिंत पातळ होते, उष्णता नीट बाहेर जात नाही आणि हेड गॅस्केट जळायला लागतं. कंपनीने एक मिलिमीटरवर हात आखडता घेतला आहे तो भिंतीची जाडी बघूनच.

तिसरा घटक सिलिंडरची संख्या. हिशेबात तो सगळ्यात सोपा, फक्त गुणाकार. मारुती ८०० चा बोअर ६८.५, स्ट्रोक ७२ मिलिमीटर. एका सिलिंडरचे २६५.३ सीसी आणि तीन सिलिंडरचे मिळून ७९६. पण तोच सीसी किती सिलिंडरांत वाटायचा हा मोठा निर्णय असतो. मारुतीच्याच स्विफ्टमध्ये त्याचं नेमकं उदाहरण आहे. अनेक वर्षं तिच्यात चार सिलिंडरचं इंजिन होतं, बोअर ७३ आणि स्ट्रोक ७१.५: एका सिलिंडरचे २९९.३, चारांचे ११९७ सीसी. २०२४ साली आलेल्या नव्या स्विफ्टमध्ये तीनच सिलिंडर आहेत, बोअर ७४ आणि स्ट्रोक ९२.८: एका सिलिंडरचे ३९९.१, तिघांचे पुन्हा ११९७.

दोन इंजिनं, घडण पूर्ण वेगळी, आकडा तोच. जुनं इंजिन जवळपास चौकोनी, म्हणजे बोअर आणि स्ट्रोक सारखेच. नवं लांब स्ट्रोकचं. लांब स्ट्रोकात पोकळी आटोपशीर राहते, स्फोटाची उष्णता भिंतींत कमी मुरते, आणि एक सिलिंडर कमी म्हणजे तेवढं घर्षण कमी. त्यातून ॲव्हरेज वाढतं. बदल्यात तीन सिलिंडरचा थरथराट येतो आणि पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात जास्त धावावं लागतं. एका फेऱ्यात पिस्टन एकदा खाली, एकदा वर जातो, म्हणजे दोन स्ट्रोक चालतो. जुन्या बुलेटचा स्ट्रोक ९० मिलिमीटर. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर तिचा पिस्टन सरासरी सेकंदाला पंधरा मीटर वेगाने धावतो. स्प्लेंडरचा पिस्टन आठ हजार फेऱ्यांवरसुद्धा सव्वातेरा मीटरच गाठतो. बुलेटला आठ हजारांवर नेलं तर तो वेग चोवीस मीटर होईल, आणि तिचे भाग एवढ्यासाठी बनवलेलेच नाहीत. बुलेट धीम्या लयीत चालते याचं निम्मं कारण त्या नव्वद मिलिमीटरमध्ये आहे.

बोअर-स्ट्रोकची निवड करताना डिझाइन करणाऱ्यापुढे आणखी एक गोष्ट असते: सरकारी रेषा. ११९७ हा आकडा दोन्ही स्विफ्टमध्ये सारखा येतो तो योगायोग नाही. चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीला छोट्या गाडीचा जीएसटी हवा असेल तर इंजिन १२०० सीसीच्या पुढे जाता कामा नये. मोटारसायकलसाठी अशीच रेषा ३५० वर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलला १८ टक्के जीएसटी आणि त्यापुढे ४० टक्के. थर्ड पार्टी विम्यालाही ७५, १५० आणि ३५० अशा पायऱ्या आहेत. म्हणूनच गाडीच्या नावातला आकडा गोल असतो आणि खरा आकडा त्याच्या किंचित खाली थांबतो.

जुनी बुलेट ७० बाय ९० ची होती, ३४६.४ सीसी. २०२० मध्ये मीटिऑरबरोबर आलेल्या आणि पुढे क्लासिक व बुलेटमध्ये बसलेल्या नव्या इंजिनाचा बोअर ७२ आणि स्ट्रोक ८५.८ आहे. म्हणजे ३४९.३. रेषेच्या अलीकडे पाऊण सीसीहून कमी जागा उरली आहे. याच इंजिनाला पुढे कधी नुसतं ०.२५ चं ओव्हरसाइज करून पाहिलं, तर बोअर ७२.२५ होतो आणि हिशेब ३५१.८ सीसी दाखवतो. कागदावर मात्र ही गाडी साडेतीनशेच्या आतलीच राहते, कारण आरसीवरचा आकडा तुमच्या गाडीचा सिलिंडर मोजून लिहिलेला नसतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडीचा नमुना तपासून मंजूर होतो आणि कंपनीने दिलेला आकडा त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीला लागतो. झिजेमुळे किंवा साध्या बोअरिंगमुळे झालेला एक-दोन सीसीचा फरक त्यात कुठे उमटत नाही.

स्वतः मोजून पाहायचं असेल तर हेड उतरवून पिस्टन अगदी वर आणावा आणि ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची खोली व्हर्निअरच्या मागच्या दांडीने मोजावी. मग क्रँक फिरवून पिस्टन अगदी खाली न्यावा आणि त्याच जागी पुन्हा मोजावं. दोन मापांतला फरक म्हणजे स्ट्रोक. पिस्टनचा माथा फुगीर असला तरी दोन्ही वेळा एकाच बिंदूवर मोजल्याने त्याचा काही फरक पडत नाही. मात्र तो बिंदू पिनेच्या रेषेवर मधोमध घ्यावा, कारण पिस्टन पिनेवर किंचित डोलतो आणि कडेला मोजलं तर माप हलतं. बोअर मोजताना साध्या व्हर्निअरने एक दशांश मिलिमीटरची चूक सहज होते, आणि स्प्लेंडरमध्ये त्याने उत्तर ०.४ सीसीने सरकतं. स्ट्रोकमध्ये तेवढीच चूक झाली तर ०.२ ने. म्हणून बोअरला डायल गेज लावतात आणि स्ट्रोकला व्हर्निअर चालतो.

हे सगळं मोजून आलेला आकडा इंजिनाची ताकद सांगतो का? थोडीफारच. यामाहा आरएक्स १०० चा बोअर ५० आणि स्ट्रोकही ५०, म्हणजे ९८.२ सीसी, स्प्लेंडरपेक्षा जेमतेम एक सीसी जास्त. पण ती अकरा बीएचपी द्यायची आणि स्प्लेंडर साधारण आठच्या आसपास राहते. आरएक्स टू-स्ट्रोक होती, तिच्यात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट. स्प्लेंडर फोर-स्ट्रोक, तिच्यात दोन फेऱ्यांना एक. मग आरएक्सची ताकद दुप्पट का नाही? कारण टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीतच धूर बाहेर जायची खिडकी असते. पिस्टन वर येताना ती खिडकी झाकली जाईपर्यंत आतलं मिश्रण दाबलं जात नाही, त्यातलं काही थेट सायलेन्सरकडे निसटतं. दाबायचं खरं काम वरच्या भागातच होतं. सीसीच्या हिशेबात मात्र पन्नासच्या पन्नास मिलिमीटर धरले जातात, खिडकी उघडी असो वा बंद.